एकदा टोचले, मग पुन्हा कशासाठी?

देगलूर, उदगीर, भैंसा, बीदर या भागांत माणूस फार आजारी पडला आणि गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, की घरची मंडळी त्याला घेऊन हैद्राबादची गाडी धरतात. इमलीबनच्या मोठ्या बसस्थानकावर उतरायचे आणि कोणी उस्मानियाचा तर कोणी पंजागुट्ट्याच्या निम्सचा रस्ता धरायचा. दवाखान्याच्या बाकावर मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एकत्र बसलेल्या असतात. रक्ताच्या विकारांच्या खोलीबाहेर तर चारही भाषांत एकच प्रश्न ऐकू येतो : "परवाच कमरेच्या हाडातून पाणी काढले, आज पुन्हा हाड टोचायचे म्हणतात. पहिल्या वेळी चुकले होते काय?"

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि कधी कधी त्याच रागात रुग्णाला उठवून गावाकडे परत नेले जाते. त्यात फार नुकसान होते. म्हणून आज या पानावर हाडातल्या मगजाच्या दोन तपासण्यांबद्दल सविस्तर लिहावयाचे ठरवले आहे. पुढे दोन रुग्ण येतील. ती खरी कोणी माणसे नव्हेत. अशा दवाखान्यांत ज्या प्रकारची माणसे येतात त्यांवरून ती रंगवली आहेत. आकडे मात्र अशा रुग्णांत सापडतात तसेच आहेत.

पहिला एक शिक्षक, वय 45, घरात कडक शाकाहार, दूधही चहापुरतेच. दुसरा शेतकरी, वय 38, सारे काही खाणारा. दोघांनाही दोन महिन्यांपासून धाप, थकवा, हिरड्यांतून रक्त आणि अधूनमधून ताप. दोघांच्या रक्ताचे कागद शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत इतके सारखे : हिमोग्लोबिन 5.4, पांढऱ्या पेशी 2,300 आणि प्लेटलेट 32,000. म्हणजे रक्तातले तिन्ही प्रकार घटलेले. तांबड्या पेशी कमी म्हणून धाप, पांढऱ्या कमी म्हणून ताप आणि रक्त गोठवणाऱ्या चकत्या कमी म्हणून हिरड्यांतून रक्त.

या तिन्ही पेशी जन्मतात एकाच ठिकाणी, अस्थिमज्जेत. मटणाची नळी फोडली की जो मगज निघतो तोच हा पदार्थ. फरक एवढाच की मोठ्या माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांत बहुतेक चरबीच उरलेली असते. रक्त तयार करणारा तांबडा मगज कमरेची चपटी हाडे, मणके, बरगड्या आणि छातीचे मधले हाड यांत राहतो. अस्थिमज्जेला आपण रोपवाटिका समजू आणि रक्ताला शेत. शेतात रोपे विरळ दिसली तर दोन शक्यता असतात. एक तर वाटिकेत रोपच उगवले नाही. नाहीतर वाटिका भरगच्च आहे, पण रोपे तिथेच मरत आहेत आणि शेतापर्यंत पोचतच नाहीत. बांधावर उभे राहून यांतले कोणते खरे हे कळत नाही, वाटिकेत जाऊनच पाहावे लागते. आमच्या दोघा रुग्णांचे नेमके असेच होते.

पहिली तपासणी म्हणजे ॲस्पिरेशन, मगज ओढून काढणे. रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात. कमरेच्या मागे, पाठीच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथली कातडी आणि हाडावरचे आवरण औषध टोचून बधिर करतात. येथे एक गैरसमज काढून टाकू. ही सुई पाठीच्या कण्यात जात नाही. ज्याला लोक "पाठीतले पाणी काढणे" म्हणतात ती तपासणी वेगळी आणि जागाही वेगळी. मगज काढल्याने माणूस लुळा होत नाही आणि काढलेला मगज शरीर पुन्हा भरून काढते. आखूड, जाड सुई फिरवत फिरवत हाडाच्या कठीण थरातून आत नेतात. आत पोचली की हाताला एकदम मोकळे वाटते. मग पिचकारी लावून जोराने ओढतात. त्या क्षणी पायापर्यंत एक कळ जाते आणि ती बधिर करण्याच्या औषधाने पुरती थांबत नाही. हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे. दोन-तीन सेकंदांत ती ओसरते.

ओढायचे किती? स्लाइडसाठी पाव ते अर्धा मिलिलिटर, एवढेच. नवशिका हात येथे चुकतो. जास्त ओढले तर आसपासच्या शिरांतले रक्त भराभर आत येते आणि मगज पातळ होतो. विहिरीत पोहरा खूप वेळ हलवला की गाळ आणि पाणी एक होते, तसे. इतर तपासण्यांसाठी अधिक लागले तर ते या पहिल्या थेंबानंतर ओढतात. पहिला थेंब काचेवर टाकला की त्यात साबुदाण्याच्या कण्यांएवढे किंवा त्याहून बारीक, चरबीने चकाकणारे कण दिसले पाहिजेत. हे कण म्हणजेच खरा मगज. कण दिसले नाहीत तर आलेले बहुधा नुसते रक्त असते. कण काचेवर पसरून, वाळवून रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी उलगडलेली दिसते. तिचे केंद्र कसे, आतले दाणे कसे, वाढ कुठवर झाली, सगळे. याचा निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळू शकतो.

दुसरी तपासणी ट्रिफाइन बायॉप्सी. यात ओढायचे काही नाही, हाडासकट मगजाचा एक उभा तुकडा कापून घ्यायचा. धान्याच्या पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसून व्यापारी नमुना काढतो, तो प्रकार डोळ्यांसमोर आणावा. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर धान्य घेणे वेगळे आणि नळीने थेट खालपर्यंतचा नमुना घेणे वेगळे. या कामासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी सुई जमशिदी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती 1971 साली प्रसिद्ध केली. टोकाशी निमुळती असल्यामुळे आत शिरलेला तुकडा न चुरडता अखंड बाहेर येतो. तुकडा निदान दोन सेंटिमीटर लांब असावा असा संकेत आहे. ॲस्पिरेशन केलेल्या छिद्रापासून सुई थोडी बाजूला घेतात. कारण ओढाताणीने जिथे रक्त साकळले आहे तिथला तुकडा वाचता येत नाही.

हा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग आम्लात किंवा तत्सम द्रावणात बुडवून हाडातला चुना विरघळवतात. नाहीतर त्याचे पातळ काप होणार नाहीत. नंतर मेणात बसवून केसाहून कितीतरी पातळ काप काढतात आणि रंगवतात. या साऱ्याला काही दिवस लागतात. "त्या तपासणीचा निकाल लगेच दिला, याला आठवडा का लावता?" याचे उत्तर त्या चुन्यात आहे.

आता कोणती तपासणी चांगली असे विचारू नये. ॲस्पिरेशनमध्ये रोपे उपटून हातावर घेतलेली असतात. प्रत्येकाचे पान आणि मूळ नीट पाहता येते, पण वाफ्यात ती कशी लावली होती ते हरवलेले असते. ट्रिफाइनमध्ये वाफा जसाच्या तसा दिसतो, पण एकेका रोपाचे बारकावे पुसट होतात. पहिलीत पेशींची जात कळते, दुसरीत जागेची मांडणी.

मांडणीत पहिली गोष्ट पाहायची ती सेल्युलॅरिटी, म्हणजे मगजाच्या जागेपैकी किती भाग रक्त तयार करणाऱ्या पेशींनी व्यापला आहे आणि किती चरबीने. हे प्रमाण वयाबरोबर उतरते. नवजात बाळाचा मगज जवळजवळ पूर्ण पेशींनी भरलेला असतो. पुढे ढोबळ हिशेब असा की शंभरातून वय वजा करावे. चाळीस वर्षांच्या माणसात 60 टक्के पेशी, सत्तरीच्या आजोबांत 30 टक्के. हा अंदाजाचाच हिशेब आहे, दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतात. पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल : "मगजात 30 टक्के पेशी" हे वाक्य आजोबांच्या कागदावर ठीक आहे, तरुण नातवाच्या कागदावर नव्हे. ज्या अहवालात वय नाही त्यातली टक्केवारी अर्धीच समजावी.

दुसरी गोष्ट मायलॉइड-एरिथ्रॉइड प्रमाण. कागदावर त्याला एम-ई रेशो म्हणतात. पांढऱ्या पेशींपैकी दाणेदार जातीच्या वाढत्या पेशी किती आणि तांबड्या पेशींची पिल्ले किती, यांचे हे गुणोत्तर. ते ॲस्पिरेशनच्या स्लाइडवर मोजतात. केंद्र असलेल्या 500 पेशी एकामागून एक पाहून कोणती कोणत्या जातीची हे टिपतात. निरोगी मोठ्या माणसात ते साधारण दोनास एक ते चारास एक येते. पांढऱ्यांची बाजू जड असते, कारण पांढरी पेशी रक्तात गेल्यावर काही तास ते फार तर दिवसभर फिरते आणि तांबडी सुमारे 120 दिवस टिकते. जे लवकर संपते ते जास्त तयार ठेवावे लागते.

आता आपल्या दोन रुग्णांकडे येऊ.

शिक्षकांच्या कमरेतून पहिल्याच ओढीत भरपूर कण आले. कणांत चरबी नावालाच, सगळी जागा पेशींनी ठासून भरलेली. पंचेचाळिशीच्या माणसात अपेक्षा होती 55 टक्क्यांच्या आसपास, पण पाहणाऱ्याने 90 टक्के लिहिले. रक्तात पेशी नाहीत आणि वाटिका तर ओसंडून वाहते आहे. मोजलेल्या 500 पेशींपैकी पांढऱ्यांच्या जातीच्या 170, तांबड्यांच्या जातीच्या 255, बाकी 75 इतर. म्हणजे प्रमाण दोनास तीन, अगदी उलटे. तांबड्यांची ही पिल्ले आकाराने मोठी होती. अंग वाढलेले पण केंद्र कच्चेच राहिलेले. पांढऱ्यांतही काही पेशी राक्षसी आकाराच्या. ही बी-12 किंवा फोलेटच्या कमतरतेची खूण. या जीवनसत्त्वांवाचून पेशीला आपले केंद्र नीट दुप्पट करता येत नाही, म्हणून ती वाढते पण विभागत नाही आणि मगजातच मरते. शरीराला तांबड्या पेशींची टंचाई जाणवते म्हणून ते आणखी पिल्ले जन्माला घालते आणि तीही तिथेच मरतात. शिक्षकांच्या रक्तातील बी-12 फार उतरलेले निघाले. इंजेक्शने सुरू झाली आणि आठवड्याच्या आत रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. त्यांना ट्रिफाइनच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही.

या रोगाचे आपल्याकडे जुने नाते आहे. 1928 साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी होणारा मोठ्या तांबड्या पेशींचा पंडुरोग त्यांनी अभ्यासला. यकृताचा सत्त्वांश आणि यीस्टपासून केलेले मार्माइट दिल्यावर त्या बाया सुधारल्या, हे त्यांनी 1931 साली छापले. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. मधल्या काळात त्यांचे काम कुन्नूरलाही चालले होते. तिथे मॅकॅरिसन यांची आहारविषयक प्रयोगशाळा होती. तीच प्रयोगशाळा 1958 साली हैद्राबादला हलली आणि 1969 पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून तारनाक्याला उभी आहे.

शेतकरी रुग्णाची गोष्ट वेगळी झाली. सुई नीट आत गेली, पिचकारी ओढली, थोडे रक्तच आले. दुसऱ्यांदा ओढले तेव्हा दोन-तीन कण मिळाले, तेही चरबीने पोकळ झालेले. स्लाइडवर 500 पेशी मोजायला मिळाल्याच नाहीत. कशाबशा 200 सापडल्या. त्यांपैकी 110 लिम्फोसाइट, 60 पांढऱ्यांच्या दाणेदार जातीच्या आणि 30 तांबड्यांच्या. लिम्फोसाइट या हिशेबात धरत नाहीत. मग प्रमाण आले किती? साठास तीस, म्हणजे दोनास एक. अगदी निरोगी माणसासारखे!

येथेच त्याच्या भावाने कागद हातात घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, रेशो नॉर्मल लिहिलाय, मग आजार कसला?" प्रश्न रास्त होता. पण गुणोत्तर फक्त वाटणी सांगते, साठा सांगत नाही. वाफ्यात मिरचीची दोनशे आणि वांग्याची शंभर रोपे असली तरी प्रमाण दोनास एक. मिरचीची दोन आणि वांग्याचे एकच रोप उरले असले तरीही दोनास एक. आणि ही मोजणी इतक्या थोड्या पेशींवरची, की तिच्यावर भार टाकणेच चूक. एम-ई रेशो सेल्युलॅरिटीशिवाय वाचू नये. सहास एक असे प्रमाण दिसले तर पांढऱ्या वाढल्या की तांबड्या आटल्या, हेही एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मगज भरलेला असेल तर पांढऱ्या वाढल्या, जंतूंचा हल्ला किंवा रक्ताचा कर्करोग मनात आणावा. तांबड्यांची पिल्ले जवळजवळ नाहीतच असे दिसले तर दोष त्यांच्या उत्पत्तीत.

शिवाय डॉक्टरांच्या मनात एक शंका होती. रक्तच आले ते मगज खरोखर रिकामा आहे म्हणून, की तो इतका घट्ट झाला आहे की सुईने ओढला जात नाही म्हणून? मगजात तंतूंचे जाळे माजले, तो कर्करोगाच्या पेशींनी ठासला किंवा दुसऱ्या अवयवातला कर्करोग तिथे येऊन बसला, की पिचकारी कोरडीच राहते. याला ड्राय टॅप म्हणतात. क्षयाच्या गाठीही मगजात असतात आणि त्या काचेवर क्वचितच उतरतात, कापलेल्या तुकड्यातच दिसतात. रिकामा, तंतुमय, ठासलेला आणि गाठींचा, या चारही अवस्थांत पिचकारीत तेच पातळ रक्त येऊ शकते आणि चारांचे उपचार चार दिशांचे आहेत. त्यांचा उलगडा ट्रिफाइननेच होतो. दुसऱ्यांदा टोचण्याचे कारण हे होते, पहिल्याची चूक नव्हे. आज पुष्कळ ठिकाणी तिन्ही पेशी घटलेल्या रुग्णात दोन्ही नमुने एकाच बैठकीत घेतात. तसे होणार का, हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे दुसरी खेप वाचते.

शेतकऱ्याचा तुकडा दोन सेंटिमीटरचा निघाला. आठवड्याने अहवाल आला : सेल्युलॅरिटी 10 टक्क्यांहून कमी, बाकी चरबी. तंतू वाढलेले नाहीत, गाठी नाहीत, परक्या पेशी नाहीत. अडतीस वर्षांच्या माणसात 60 टक्क्यांच्या जागी 10. रोग ठरला, ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे मगज उजाड होणे. तो का झाला, याचे उत्तर बहुतेक रुग्णांत सापडत नाही. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी काही औषधे आणि बेंझिन यांचा संबंध मान्य आहे. काही कीटकनाशकांविषयीही तसे नोंदले गेले आहे, म्हणून फवारणीची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी. या माणसाला बी-12 ची कितीही इंजेक्शने दिली तरी उपयोग नव्हता. त्याचा उपाय सख्ख्या भावंडाचा जुळणारा मगज किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. हा खर्चाचा आणि लांबचा रस्ता असतो, आणि त्यावर पाऊल टाकण्याआधी निदान पक्के असावे लागते.

ट्रिफाइनही फसू शकते. हाडाच्या कठीण थराच्या लगेच खालचा मगज, विशेषतः वयस्कांत, मुळातच चरबीने भरलेला असतो. तुकडा पाच-सहा मिलिमीटरचाच निघाला आणि तो नेमका तेवढाच भाग असला, तर धडधाकट मगजही उजाड वाटतो. वाफ्याच्या कडेला पाणी पोचत नाही म्हणून रोप विरळ असते, त्यावरून सारा वाफा सुकला म्हणत नाहीत. अहवालात तुकड्याची लांबी लिहिलेली असते, ती पाहावी. फार लहान असेल आणि "अपुरा" असा शेरा असेल, तर पुन्हा नमुना मागणे हा डॉक्टरांचा हट्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट, आणि गावाकडच्या वाचकांसाठी ही सर्वांत महत्त्वाची. थकलेल्या माणसाला हैद्राबादला न्यायच्या आदल्या दिवशी ताकदीचे म्हणून लाल इंजेक्शन दिले जाते. तो लाल रंग बी-12 चा. शिक्षकांसारख्या रुग्णाला ते दिले, की मगजातल्या मोठ्या कच्च्या पेशी एक-दोन दिवसांत साध्या दिसू लागतात. रक्तातली बी-12 ची पातळीही एकदम चढते. मग सुई टोचून जे पाहायचे ते पुसले गेलेले असते. मगज भरलेला आहे, तांबड्यांची पिल्ले जास्त आहेत, मुख्यतः एवढेच उरते, आणि तेवढ्यावरून इतरही रोगांचा संशय घ्यावा लागतो. फोलिक ॲसिडच्या नुसत्या गोळ्यांनी आणखी एक घोटाळा होतो. बी-12 कमी असताना रक्त काहीसे सुधारते, पण हातापायांच्या मुंग्या आणि तोल जाणे वाढत राहते, कारण मज्जातंतूंना हवे असते बी-12. म्हणून असे काही दिले असेल तर लपवू नये. तारीख सांगावी, जमल्यास कुपी दाखवावी. अर्थात माणूस अगदी धापेला लागला असेल तर उपचार थांबवून तपासणीची वाट पाहावी असे कोणी म्हणणार नाही. त्या वेळी निदान रक्ताचा एक नमुना आधी काढून ठेवावा.

सुईनंतरचे थोडक्यात. जखमेवर दहा-पंधरा मिनिटे दाब धरतात, मग रुग्णाला त्याच बाजूवर उताणे झोपवतात, म्हणजे त्याच्या वजनानेच दाब राहतो. प्लेटलेट कमी असल्या तरी कमरेच्या या जागी तपासणी करता येते. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा घरात जखमेतून रक्त न थांबण्याचा रोग असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. पट्टी एक दिवस कोरडी ठेवावी. दोन-चार दिवस तिथे ठणका राहतो. पट्टी पुन्हा पुन्हा रक्ताने भिजू लागली, ठणका वाढत गेला किंवा ताप आला तर गावच्या गाडीत न बसता आधी त्याच दवाखान्यात परत जावे.